ऑटोपे फेल झाल्यावर ग्रेस किती द्यायचा, काय बंद करायचं आणि पैसे किती वसूल होतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, बीड इथले बरेच क्लासवाले आता स्पर्धा परीक्षांच्या टेस्ट सिरीज महिन्याच्या वर्गणीवर चालवतात. वर्गणी यूपीआय ऑटोपेने कटते, आणि दर महिन्याला काही मुलांची कटत नाही. तिथून पुढे काय करायचं, मुलाला पैसे भरायला जादा दिवस म्हणजे ग्रेस किती द्यायचा, याबद्दल आम्हाला फोनवर सारखे विचारले जाणारे प्रश्न या पानावर एकत्र केले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: महिना २९९ रुपयांची टेस्ट सिरीज आणि दर महिन्याच्या ३ तारखेला कटणारा हप्ता. त्यातले विद्यार्थ्यांचे आकडे हिशोब दाखवण्यापुरते मानलेले आहेत.

हप्ता कटला नाही म्हणजे मुलाला पुढे शिकायचं नाही, असं समजायचं का?

नाही. आधी कारण बघा. तुमच्या वतीने पैसे वसूल करणाऱ्या पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर प्रत्येक फेल व्यवहारासमोर कारणाचा कोड असतो. खात्यात पैसे नसतील तर यूपीआयमध्ये `Z9` येतो. या मुलाला शिकायचं आहे, फक्त त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते. बँकेचा सर्व्हर बंद असणं किंवा उत्तर वेळेत न येणं ही तांत्रिक कारणं, त्यात मुलाचा काहीच दोष नाही. तिसरा प्रकार म्हणजे मुलाने स्वतः यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅन्डेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायला दिलेली मंजुरी, रद्द केलेलं असतं. ही फेल झालेली वसुली नाही, हा निरोप आहे. पैसे भरलेल्या तारखेपर्यंत त्याला सगळं वापरू द्या आणि तिथे थांबवा. त्याला ग्रेस देण्यात अर्थ नाही, आणि रोज आठवण करून देणं तर मुळीच बरं नाही.

हे तीन प्रकार वेगळे केले नाहीत तर पुढचे सगळे आकडे फसवे निघतात. सोडून गेलेली मुलं 'फेल'मध्ये मोजली की वसुली कमी दिसते आणि दोष उगाच ग्रेसच्या माथी येतो.

ग्रेस आणि होल्ड यात फरक काय?

ग्रेसमध्ये हप्ता बाकी असतो पण मुलाला सगळं पूर्वीसारखं वापरता येतं. होल्डमध्ये वर्गणी जिवंत असते, पैसे आले की लगेच चालू होते, पण तोवर मुख्य गोष्टी बंद असतात. होल्डची मुदतही संपली की वर्गणी बंद, मग मुलाला नव्याने सुरुवात करावी लागते. पुष्कळ छोट्या ॲपमध्ये 'चालू' आणि 'बंद' अशा दोनच अवस्था असतात. पैसे बुडण्याचं पहिलं कारण तेच.

ग्रेस नेमका किती दिवसांचा ठेवायचा?

बहुतेक जण ७ दिवस ठेवतात, कारण कुठेतरी ७ दिवस वाचलेले असतात. आमचं मत स्पष्ट आहे: तुमच्या मुलांच्या खात्यात पैसे कधी येतात, यावरून ग्रेस ठरवा.

संभाजीनगरला औरंगपुऱ्याच्या आसपास खोली करून राहणाऱ्या मुलाचा खर्च गावाकडून येतो. घरी कुणी नोकरीला असेल तर पैसे १ ते ५ तारखेच्या दरम्यान येतात. पण आष्टी, भूम या भागातल्या किती तरी घरांत हातात येणारा नियमित पैसा म्हणजे दुधाचा दहा दिवसांचा पगार. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांचं दूध ११ तारखेनंतर खात्यावर जमा होतं, आणि घरून मुलाला पैसे १२ किंवा १३ तारखेला पोचतात. आता हिशोब करा. हप्ता ३ तारखेला फेल झाला आणि ग्रेस ७ दिवसांचा, म्हणजे १० तारखेला संपला. या मुलाला तुम्ही पैसे हातात येण्याच्या दोन-तीन दिवस आधी बाहेर काढलं. तोच ग्रेस १० दिवसांचा असता तर १३ तारखेपर्यंत गेला असता.

तुमच्याकडे काय चित्र आहे ते शोधायला मोठी यंत्रणा लागत नाही. मागच्या सहा महिन्यांत हप्ता फेल होऊनही नंतर ज्यांनी पैसे भरले, त्यांची यादी काढा. फेल झाल्यापासून कितव्या दिवशी भरले, ते प्रत्येकासमोर लिहा आणि दिवसवार मोजा. पहिल्या एक-दोन दिवसांत मोठा गठ्ठा दिसेल, मग आकडा खाली येईल, आणि पुढे एखाद्या दिवशी पुन्हा उंचावलेला दिसेल. तो दुसरा उंचवटा संपतो तिथे ग्रेस संपवा. दुसरा उंचवटा दिसतच नसेल तर ३ दिवसांचा ग्रेसही पुरे, जास्त देऊन फारसं काही येणार नाही.

सोयाबीनच्या पैशावर मात्र ग्रेस बांधू नका. तो पैसा दिवाळीच्या आगेमागे एकदाच येतो. अशा घरातल्या मुलाला महिन्याच्या वर्गणीपेक्षा त्या वेळी सहा महिन्यांची एकरकमी वर्गणी देऊन पाहणं जास्त शहाणपणाचं.

ऑटोपेचा पुन्हा प्रयत्न किती वेळा करता येतो?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नियमानुसार ऑगस्ट २०२५ पासून एका हप्त्यासाठी पहिला प्रयत्न आणि त्यानंतर जास्तीत जास्त ३ पुनर्प्रयत्न करता येतात. हे प्रयत्न गर्दीच्या वेळेत चालत नाहीत. सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ आणि रात्री साडेनऊनंतर, एवढ्याच वेळा मोकळ्या आहेत. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला प्रत्येक वेळी पिन लागत नाही, पण पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावीच लागते.

हातात चारच संधी आहेत, म्हणून त्या उधळू नका. काही गेटवे मूळ सेटिंगमध्ये चारही प्रयत्न लागोपाठ करून टाकतात. रिकाम्या खात्यावर एका दिवसात चारदा धडकून काही हाती लागत नाही. पुनर्प्रयत्न किती दिवसांत पसरवता येतील, हे तुमच्या मॅन्डेटच्या प्रकारावर आणि गेटवेवर अवलंबून आहे, ते त्यांना लेखी विचारून घ्या. पसरवता येत असतील तर आपल्या उदाहरणात आम्ही असे ठेवू: ३ तारखेला सकाळी पहिला, ४ तारखेला रात्री साडेनऊनंतर दुसरा, ७ ला तिसरा आणि शेवटचा १२ ला रात्री. कारण तांत्रिक असेल तर दुसरा प्रयत्न त्याच दिवशी दुपारी करायला हरकत नाही.

पसरवता येत नसतील तर ग्रेसचे उरलेले दिवस पेमेंट लिंकवर काढायचे. तशीही बरीच मुलं ऑटोपेची वाट न पाहता लिंकवरूनच भरतात.

लिंकने पैसे भरले आणि नंतर ऑटोपेनेही कटले. असं का होतं?

लिंकचे पैसे आले ही खबर ऑटोपेच्या वेळापत्रकापर्यंत पोचलेली नसते. लिंक एका ठिकाणी तयार होते, पुनर्प्रयत्न दुसऱ्या ठिकाणी लावलेला असतो, आणि दोन्हींना एकमेकांचा पत्ता नसतो. मुलाच्या खात्यातून २९९ ऐवजी ५९८ जातात. घरून जेमतेम पैसे येणाऱ्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. परतावा यायला चार दिवस लागले की तो मॅन्डेटच रद्द करतो. एका हप्त्याच्या वसुलीपायी पुढचे सगळे हप्ते गेले.

उपाय असा: लिंक आणि ऑटोपे दोन्हींवर त्या महिन्याच्या हप्त्याचा एकच क्रमांक ठेवा, आणि कुठूनही पैसे आले की त्या क्रमांकाचे बाकीचे प्रयत्न आधी रद्द करा, पावती त्यानंतर पाठवा. व्यवहार 'पेंडिंग' दिसत असेल तर त्याला फेल धरू नका. अंतिम उत्तर येईपर्यंत पुन्हा प्रयत्नही नको आणि होल्डही नको.

होल्डमध्ये काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं?

मुलाने जे कमावलं आहे ते त्याच्याकडे राहू द्या, आणि जे नवं मिळणार आहे ते थांबवा. टेस्ट सिरीजमध्ये याचा अर्थ असा: आधी सोडवलेल्या टेस्ट, त्यांचे गुण, चुकलेल्या प्रश्नांची यादी आणि इतर मुलांमधला त्याचा क्रमांक दिसत राहावेत. नव्या टेस्ट, नवे व्हिडिओ, शंका विचारण्याची सोय आणि डाउनलोड बंद व्हावं. नव्या टेस्टचं नाव, विषय आणि ती सोडवणाऱ्यांची संख्या दिसू द्या, पण उघडायला गेलं की पैसे भरण्याचं पान यावं. आपली तयारी कुठवर आली होती हे मुलाला दिसत राहिलं तर परत येण्याला कारण उरतं. सगळंच पुसून टाकलं तर त्याला नवीन ॲप घेणं आणि तुमचं ॲप चालू करणं सारखंच वाटतं.

एक गोष्ट कधीच बंद करू नका: लॉगिन आणि पैसे भरण्याचं पान. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. आम्ही पाहिलेल्या एका ॲपमध्ये होल्डमधल्या मुलाचं लॉगिनच नाकारलं जायचं आणि पैसे भरण्याचं बटण मात्र लॉगिनच्या आत होतं. मुलं ऑफिसला फोन करायची, रविवारी फोन लागायचा नाही. हे तपासायला स्वतः एक चाचणी खातं होल्डमध्ये टाका आणि साध्या फोनवरून, मोबाइल डेटावर, पैसे भरून बाहेर पडून बघा. भरल्यावर किती वेळात टेस्ट उघडते तेही पाहा. एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर मुलगा घाबरून दुसऱ्यांदा भरतो.

होल्ड लावला, तरी मुलं नव्या टेस्ट सोडवतायत. हे कसं?

बहुधा ॲपने प्रवेशाची परवानगी फोनमध्येच जपून ठेवलेली असते. गावाकडे रेंज जाते म्हणून ऑफलाइन सोय दिलेली असते आणि ती परवानगी ३० दिवसांची असते. मग तुमच्या कागदावरचा ग्रेस १० दिवसांचा आणि प्रत्यक्षातला ४० दिवसांचा. ओळखायची खूण सोपी आहे: होल्डमध्ये गेलेल्या मुलांची यादी घ्या आणि त्यांनी होल्डच्या तारखेनंतर किती नव्या टेस्ट सुरू केल्या ते मोजा. आकडा शून्याच्या जवळ नसेल तर कुलूप लागलेलंच नाही. ऑफलाइन परवानगीची मुदत नेहमी भरलेल्या तारखेला ग्रेसचे दिवस जोडून तिथेच संपवा, त्यापुढे नको.

परीक्षा तोंडावर असताना होल्ड लावायचा का?

नाही. पूर्वपरीक्षा किंवा भरतीची लेखी आठ दिवसांवर आली असेल तर ग्रेस परीक्षेच्या दिवसापर्यंत वाढवा, आणि मुलाला तसं कळवा. या आठ दिवसांत कुलूप लावून पैसे भरणारे काही जण नक्की मिळतील, पण वर्षभर तयारी केलेल्या मुलाला शेवटच्या आठवड्यात अडवणं आम्हाला पटत नाही. ही मुलं पुढच्या जाहिरातीला पुन्हा तयारीला बसतात, आणि कोणी अडवलं होतं ते खोलीतल्या चौघांना सांगतात.

पैसे उशिरा आले तर पुढच्या हप्त्याची तारीख कोणती?

या प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि पैसे इथेच गळतात. ग्रेसमध्ये पैसे आले तर तारीख बदलायची नाही. मुलाने सगळे दिवस वापरले आहेत, म्हणून १२ तारखेला भरले तरी पुढचा हप्ता पुढच्या ३ तारखेलाच. होल्डमध्ये असताना पैसे आले तर बंद राहिलेले दिवस मुलाला मिळालेच नाहीत, त्यामुळे नवा महिना भरल्या दिवसापासून धरणं न्यायाचं.

काही ॲपमध्ये ग्रेसमध्ये भरलं तरी तारीख पुढे सरकते. मुलगा दर वेळी सहा दिवस उशिरा भरत गेला तर त्याचा महिना ३६ दिवसांचा होतो, आणि वर्षात १२ ऐवजी १० च हप्ते येतात. डॅशबोर्डवर मात्र सगळे हप्ते 'वसूल' दिसतात, म्हणून ही गळती नजरेस येत नाही. शोधायची असेल तर एका मुलाचे वर्षातले यशस्वी हप्ते मोजा आणि तो किती महिने तुमच्याकडे होता त्याच्याशी ताडून पाहा.

उलट बाजूही आहे. ज्या मुलाचे पैसे दर महिन्याला १२ च्या आसपासच येतात, त्याला ३ तारीख सोयीची नाहीच. लागोपाठ दोन-तीन महिने असं दिसलं तर त्याला विचारून हप्ताच १४ तारखेला न्या. मधल्या दिवसांचे पैसे एकदाच प्रमाणात घ्या किंवा सोडून द्या, पुढे दर महिन्याची ओढाताण तरी वाचते. ठरावीक तारखेच्या मॅन्डेटला यासाठी मुलाची पिनसह मंजुरी पुन्हा लागते. सुरुवातीलाच नोंदणीच्या पानावर ३, १४ आणि २३ अशा तीन तारखांमधून निवडू दिलं तर हा प्रश्न बराच आधी सुटतो.

आमची विक्री ॲप स्टोअरमधून होते. तिथे हे नियम आपल्या हातात असतात का?

थोडे. ॲपलमध्ये ग्रेस तुम्ही स्वतः चालू करावा लागतो आणि ३, १६ किंवा २८ दिवसांतून निवडावा लागतो. गूगल प्लेवर ग्रेस आणि त्यानंतर अकाउंट होल्ड असतो. ग्रेसमध्ये प्रवेश चालू ठेवायचा आणि होल्डमध्ये बंद करायचा, अशी त्यांची अपेक्षा असते. पुनर्प्रयत्न दोन्हीकडे तेच करतात. तुमचं काम एवढंच की त्यांच्याकडून येणारी अवस्थेची सूचना तुमच्या सर्व्हरने नीट वाचावी. ग्रेसची सूचना वाचलीच नाही तर स्टोअर म्हणतं ग्रेस चालू आहे आणि तुमचं ॲप मुलाला बाहेर काढतं.

मुलं ग्रेसचा गैरफायदा घेतात. मग काय करायचं?

दर महिन्याला ग्रेसच्या शेवटच्या दिवशी भरणारा मुलगा गैरफायदा घेत नाही, तारीख सरकवली नाही तर तुमचं त्यात काही जात नाही. खरा त्रास दोन प्रकारचा. एक, सुरुवातीची फुकट वापराची मुदत संपल्यावरचा पहिलाच हप्ता फेल होतो आणि मुलगा ग्रेसचेही दिवस वापरून जातो. म्हणून ग्रेस किमान एक हप्ता यशस्वीपणे भरलेल्यालाच द्या. दोन, ग्रेसमध्ये सगळ्या पीडीएफ उतरवून घेणं. ग्रेसमध्ये टेस्ट सोडवायला मोकळीक ठेवा, पण एकगठ्ठा डाउनलोडला रोजची मर्यादा घाला. याहून जास्त पहारा बसवू नका, त्याचा जाच प्रामाणिक मुलांनाच होतो.

ग्रेसमुळे खरंच किती पैसे जास्त आले, हे कसं मोजायचं?

'फेल झालेल्यांपैकी ६१ टक्के वसूल झाले' हा आकडा ग्रेसचं यश सांगत नाही. त्यातले बरेच जण ग्रेस नसता तरी भरणारच होते. तुलनेला दुसरा गट हवा.

समजा या महिन्यात २०० मुलांचे हप्ते खात्यात पैसे नसल्यामुळे फेल झाले. विषम क्रमांकाच्या १०० जणांना लगेच होल्ड लावा, सम क्रमांकाच्या १०० जणांना १० दिवसांचा ग्रेस द्या. मेसेज आणि प्रयत्नांचं वेळापत्रक दोघांना एकच ठेवा. तीस दिवसांनी होल्डच्या गटात ५२ जणांनी भरलेले आणि ग्रेसच्या गटात ६१ जणांनी, असं धरू. म्हणजे ग्रेसमुळे जास्त आलेले ९ जण, रक्कम २,६९१ रुपये. वसुलीचा पूर्ण आकडा १८,२३९ रुपये असला तरी ग्रेसचं श्रेय २,६९१ चंच.

यातून खर्च वजा करा. ग्रेसच्या गटात ३९ जणांनी कधीच भरलं नाही आणि १० दिवस फुकट वापरलं. सर्व्हरचा खर्च किरकोळ, पण शंका सोडवणाऱ्या शिक्षकाचा वेळ किरकोळ नाही. एका मुलामागे १२ रुपये धरले तर ४६८ रुपये होतात. राहिले २,२२३. दुसऱ्या बाजूला, होल्डच्या गटातल्या ५२ पैकी १२ जणांनी सरासरी ८ दिवसांनी भरलं असेल तर त्यांची तारीख तेवढी पुढे गेली. दिवसाला साधारण १० रुपयांप्रमाणे ९६० रुपयांची वसुली पुढे ढकलली गेली. ग्रेसच्या गटात हे घडलं नाही.

आता पुढच्या महिन्याचा हप्ता पाहिल्याशिवाय निकाल लावू नका. ग्रेसमध्ये भरलेल्या ६१ पैकी पुढच्या वेळी ४६ जणांनी भरलं आणि होल्डच्या ५२ पैकी ४४ जणांनी, तर ९ चा फरक २ वर आला. तेव्हा ग्रेसने एक जादा हप्ता मिळवून दिला, मुलं फारशी टिकवली नाहीत. तरीही तो फायद्याचा असू शकतो, पण वर्षभराचा नफा म्हणून कागदावर मांडता येणार नाही.

शिवाय १००-१०० च्या गटात ९ चा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. हीच वाटणी चार महिने चालवून एकत्र बेरीज करा. दोन्हीकडे ४०० च्या आसपास मुलं झाली आणि फरक तेवढाच टिकला, तर त्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. छोट्या क्लासकडे एवढी मुलं नसतील तर हा प्रयोग करू नये, दिवसवार यादीवरूनच ग्रेस ठरवावा.

मेसेज काय आणि किती पाठवायचे?

ग्रेसमध्ये तीन पुरेत: फेल झाल्यावर, मध्ये एकदा आणि संपण्याच्या आदल्या दिवशी. एसएमएसचा मजकूर डीएलटी या व्यावसायिक मेसेजच्या नोंदणी यंत्रणेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून तिन्ही आधीच नोंदवून ठेवा. मजकुरात रक्कम, तारीख आणि त्या तारखेनंतर नेमकं काय बंद होईल ते असावं. उदाहरणार्थ: 'तुमचा ऑक्टोबरचा २९९ रुपयांचा हप्ता कटला नाही. १३ तारखेपर्यंत सर्व टेस्ट चालू राहतील. त्यानंतर नव्या टेस्ट थांबतील, जुने गुण दिसत राहतील. भरण्यासाठी लिंक.' 'त्वरित भरा अन्यथा' ही भाषा नको. आणि हा मेसेज पालकांच्या नंबरवर मुलाला न विचारता पाठवू नका.

होल्ड किती दिवस ठेवून मग वर्गणी बंद करायची?

आमच्या मते ३० दिवस. म्हणजे मध्ये घरून पैसे येण्याची आणखी एक तरी खेप येऊन जाते. वर्गणी बंद करताना मॅन्डेटही तुमच्या बाजूने रद्द करा. नाहीतर दोन महिन्यांनी एखादा विसरलेला हप्ता अचानक कटतो आणि मुलगा बँकेत तक्रार करतो. गुण आणि सोडवलेल्या टेस्ट मात्र वर्षभर जपून ठेवा, पुढची जाहिरात निघाली की हीच मुलं जुन्याच नंबरने लॉगिन करतात.